गोळी बाहेरची, दोष गळ्याला

शाहूपुरी किंवा राजारामपुरीतल्या कुठल्याही प्रयोगशाळेतून थायरॉइडचा रिपोर्ट घेऊन बाहेर पडणाऱ्या माणसाच्या हातात तीन आकडे असतात : टी-थ्री, टी-फोर आणि टीएसएच. टीएसएच तळाला गेलेले आणि पहिले दोन चढलेले दिसले की घरी निरोप जातो, ‘थायरॉइड वाढलाय.’ हे वाक्य इतके रुळले आहे की ते अर्धवट आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. रिपोर्टने सांगितलेले असते एवढेच की रक्तात थायरॉइडचे हॉर्मोन गरजेपेक्षा जास्त आहे. ते कुठून आले, याबद्दल हे तीन आकडे काहीच बोलत नाहीत. ते गळ्यातल्या ग्रंथीने बनवलेले असू शकते, तसेच गोळीतून, कॅप्सूलमधून किंवा डब्यातल्या पावडरीतून पोटात गेलेलेही असू शकते. हृदयाला आणि हाडांना या दोन्हींत फरक कळत नाही. उपचारांत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

वजन उतरवण्याचा बाजार कोल्हापुरात इतर कुठल्याही शहराइतकाच जोरात आहे. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गावात पोट सुटणे नवे नाही. नवी आहे ती महिन्यात आठ किलो उतरवण्याची हमी. रंकाळ्यावर चार फेऱ्या मारण्यापेक्षा एक कॅप्सूल सोपी वाटते, आणि ती ‘नैसर्गिक’ आहे असे डब्यावर छापले असले की शंकाही घेतली जात नाही. या बाजारात थायरॉइडचे हॉर्मोन दोन वाटांनी शिरते. एक उघड वाट : थायरॉक्सिनची गोळी. ती थायरॉइड कमी काम करणाऱ्या लाखो रुग्णांचे रोजचे औषध आहे, स्वस्त आहे, घरोघरी बाटलीत पडलेली असते, आणि सासूची गोळी सुनेने ‘बारीक होण्यासाठी’ घेणे काही अवघड नाही. दुसरी वाट चोरटी : वनस्पतींचे म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये हॉर्मोन किंवा जनावरांच्या थायरॉइड ग्रंथीची भुकटी मिसळलेली असते आणि डब्यावर त्याचा उल्लेख नसतो. ही नुसती भीती नाही. वजन कमी करण्याच्या अशा ‘वनौषधीं’मुळे थायरॉइडची विषबाधा झालेल्या रुग्णांची नोंद जपानमधल्या डॉक्टरांनी २००५ साली प्रसिद्ध केली होती, आणि तिथे कॅप्सूल तपासल्यावर आत टी-थ्री आणि टी-फोर दोन्ही सापडले होते.

हे समजून घेण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. त्यातली व्यक्ती काल्पनिक आहे, घडणाऱ्या गोष्टी मात्र वैद्यकाला ओळखीच्या आहेत. कोल्हापुरातली चौतीस वर्षांची शिक्षिका, वजन अडुसष्ट किलो. नात्यातल्या लग्नाआधी बारीक व्हायचे म्हणून तिने मैत्रिणीने सुचवलेल्या कॅप्सूल सुरू केल्या, सकाळी एक आणि रात्री एक. दोन महिन्यांत वजन एकसष्टवर आले. शाळेत कौतुक झाले. तिसऱ्या महिन्यात जिना चढताना छातीत धडधड सुरू झाली, खडू धरलेला हात फळ्यावर थरथरू लागला, झोप उडाली, घाम फुटू लागला, पाळी अगदी कमी जाऊ लागली. नाडी मिनिटाला एकशे सोळा. रिपोर्टमध्ये टीएसएच ०.०१ पेक्षा कमी (सर्वसाधारण मर्यादा ०.४ ते ४), फ्री टी-फोर ३.१ (मर्यादा साधारण ०.८ ते १.८), टी-थ्रीही वाढलेले. डॉक्टरांनी ‘काही औषध घेता का’ असे विचारले. ती ‘नाही’ म्हणाली. ती खोटे बोलत नव्हती. तिच्या लेखी कॅप्सूल हे औषध नव्हतेच.

इथे बहुतेक वेळा जे निदान होते ते ग्रेव्हज डिसीजचे. शरीरातलीच प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, थायरॉइडला सतत चिथावत राहतात आणि ग्रंथी अहोरात्र हॉर्मोन बनवत राहते, असा हा आजार आहे. तरुण बायकांमध्ये थायरॉइड वाढण्याचे ते सर्वांत नेहमीचे कारण आहे, म्हणून डॉक्टरांनी आधी त्याचा विचार करणे योग्यच. पण निदान तिथेच थांबले तर कार्बिमाझोल सुरू होते. हे औषध ग्रंथीला नवे हॉर्मोन बनवू देत नाही. या शिक्षिकेची ग्रंथी मात्र आधीच बंद पडलेली आहे. बंद कारखान्याला टाळे लावण्याचा हा उद्योग. फायदा शून्य. पुरळ, यकृताला त्रास आणि क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटणे हे धोके मात्र खरे. गुण येत नाही म्हणून मात्रा वाढवली जाते. त्याहून वाईट म्हणजे लग्न आटोपल्यावर तिने कॅप्सूल आपणहून सोडल्या तर आकडे सुधारतात, श्रेय कार्बिमाझोलला जाते आणि ‘ग्रेव्हज’चा शिक्का फाइलवर कायमचा बसतो.

मग ग्रंथी दोषी आहे की नाही, हे ओळखायचे कसे? त्याचे उत्तर थायरोग्लोब्युलिन नावाच्या प्रथिनात आहे.

थायरॉइड ग्रंथीच्या आत लाखो सूक्ष्म पिशव्या असतात. पिशवीच्या भिंतीतल्या पेशी थायरोग्लोब्युलिन हे भलेमोठे प्रथिन तयार करतात आणि पिशवीत साठवतात. रक्तातले आयोडीन या प्रथिनाला चिकटते आणि प्रथिनाच्या अंगावरच टी-थ्री, टी-फोर घडतात. गरज पडली की पेशी त्यातला तुकडा आत ओढून घेतात, प्रथिन मोडतात आणि सुटे झालेले हॉर्मोन रक्तात सोडतात. या सगळ्या धामधुमीत थोडे अख्खे थायरोग्लोब्युलिनही रक्तात सांडते. निरोगी माणसाच्या रक्तात ते मिलिलिटरमागे साधारण तीन ते चाळीस नॅनोग्रॅम सापडते. प्रयोगशाळेनुसार ही मर्यादा थोडी बदलते.

कोल्हापूरकरांना हे गुऱ्हाळाच्या उदाहरणाने चटकन कळेल. गुऱ्हाळ चालू असले की आवारात उसाच्या चिपाडांचा ढीग पडतोच. गूळ तिथे बनला याचा तो पुरावा. एखाद्याच्या घरी गुळाच्या दहा ढेपा आहेत, पण गुऱ्हाळाच्या आवारात चिपाडाचा मागमूस नाही, तर ढेपा बाजारातून आल्या हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. गोळीत हॉर्मोन असते, थायरोग्लोब्युलिन नसते. तपासणी माणसाचे थायरोग्लोब्युलिन मोजते, आणि ते फक्त त्याच्या स्वतःच्या थायरॉइडच्या पेशीच बनवतात. गोळी घेणाऱ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. रक्तात हॉर्मोनचा पूर आलेला पाहून मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच सोडणे थांबवते. टीएसएच हा थायरॉइडला कामाला लावणारा मुकादम. तो गैरहजर असला की थायरॉइड थंड पडते आणि तिच्यातून जे थोडे थायरोग्लोब्युलिन सांडत होते तेही आटते. म्हणून बाहेरून हॉर्मोन घेणाऱ्याच्या रक्तात एकीकडे हॉर्मोन भरपूर आणि दुसरीकडे थायरोग्लोब्युलिन अगदी कमी किंवा मोजताही न येण्याइतके, अशी विसंगती दिसते. ग्रेव्हजमध्ये टीएसएच तसेच तळाला असते, पण तिथे मुकादमाची जागा अँटिबॉडीने घेतलेली असते. ग्रंथी जोरात चालते आणि थायरोग्लोब्युलिन वाढते.

हा धागा इटलीतल्या पिसा शहरातल्या थायरॉइडतज्ज्ञांनी १९८२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मांडला. गुपचूप किंवा नकळत हॉर्मोन घेणाऱ्या रुग्णांमध्ये थायरोग्लोब्युलिन कमी असते आणि इतर कारणांनी हॉर्मोन वाढलेल्यांमध्ये नसते, असे त्यांनी दाखवले. म्हणजे ही खूण चाळीसहून अधिक वर्षे जुनी आहे. तरी आपल्याकडे थायरोग्लोब्युलिनची चाचणी लिहिली जाते ती मुख्यतः थायरॉइडचा कर्करोग झालेल्या रुग्णांसाठी, शस्त्रक्रियेनंतर आजार परतला का हे पाहायला. त्यामुळे अनेकांच्या डोक्यात या चाचणीचे नाव कर्करोगाशी इतके जोडले गेले आहे की दुसऱ्या कामासाठी ती आठवतच नाही.

कुणी म्हणेल, त्यासाठी थायरॉइडचे स्कॅन आहे की. किरणोत्सर्गी आयोडीन किंवा टेक्निशियम देऊन ग्रंथी ते किती शोषते हे पाहण्याची तपासणी खरोखर उपयोगी आहे. ग्रेव्हजमध्ये ग्रंथी ते अधाशीपणे ओढते, बाहेरून हॉर्मोन घेणाऱ्याची ग्रंथी जवळजवळ काहीच ओढत नाही. पण स्कॅनने अर्धेच कोडे सुटते. थायरॉइडला सूज येण्याचा एक आजार असतो, थायरॉइडायटिस. विषाणूसंसर्गानंतर तो गळा दुखवत येतो, बाळंतपणानंतर किंवा एरवीही न दुखवता येतो. त्यात पिशव्या फुटतात, साठवलेले हॉर्मोन एकदम रक्तात ओतले जाते आणि जखमी ग्रंथी नवे आयोडीन घेत नाही. तिथेही स्कॅन कोरेच येते. कोऱ्या स्कॅनपुढे दोन शक्यता उरतात, सुजलेली ग्रंथी की बाहेरची गोळी. हा वाद थायरोग्लोब्युलिन मिटवते. पिशव्या फुटल्या असतील तर हॉर्मोनसोबत ते प्रथिनही ओसंडून वाहते आणि आकडा चढतो. गोळी असेल तर तो तळाला असतो. शिवाय स्कॅनला न्यूक्लिअर मेडिसिनचा विभाग लागतो, तर ही चाचणी रक्ताच्या एका नळीत होते. स्थानिक प्रयोगशाळेत सोय नसली तरी नमुना पुण्या-मुंबईला पाठवता येतो.

आता आपल्या शिक्षिकेकडे परत जाऊ. समजा डॉक्टरांनी कार्बिमाझोल लिहिण्याआधी तिचा गळा नीट चाचपला. ग्रंथी मोठी नाही, दुखत नाही. डोळे पुढे आलेले नाहीत. (पापण्या ताणल्यासारख्या दिसणे हॉर्मोन कुठल्याही कारणाने वाढले तरी होऊ शकते, पण बुबुळे पुढे येणे हे ग्रेव्हजचे लक्षण.) ग्रेव्हजच्या अँटिबॉडीची, म्हणजे टीएसएच-रिसेप्टर अँटिबॉडीची चाचणी निगेटिव्ह. ग्रंथी लहान आणि अँटिबॉडी नाही, तेव्हा शंका यायला हवी. थायरोग्लोब्युलिन मागवले, ते ०.२ पेक्षा कमी आले. सोबत थायरोग्लोब्युलिनविरोधी अँटिबॉडीही तपासली, ती नव्हती. आता प्रश्न बदलतो. ‘काही औषध घेता का’ऐवजी डॉक्टर विचारतात, ‘गेल्या सहा महिन्यांत वजनासाठी, केसांसाठी, त्वचेसाठी, ताकदीसाठी काय काय घेतलेत? घरातले कोणी थायरॉइडची गोळी घेते का? डबा असेल तर उद्या घेऊन या.’ दुसऱ्या दिवशी डबा टेबलावर येतो.

उपचार साधा आहे. कॅप्सूल बंद. धडधड आणि थरथर आवरण्यासाठी प्रोप्रॅनोलॉलसारखी बीटा-ब्लॉकर गोळी काही दिवस, दमा वगैरे अडचण नाही हे पाहून. कार्बिमाझोल नाही, रेडिओआयोडीन नाही, शस्त्रक्रिया तर नाहीच. टी-फोर रक्तात साधारण दर आठवड्याला निम्मे होते, म्हणून तीन-चार आठवड्यांत जादा हॉर्मोनचा बराचसा साठा ओसरतो. टीएसएच मात्र आळशी असते. दीर्घकाळ दाबलेली पिट्युटरी जागी व्हायला आणखी काही आठवडे घेते आणि मधल्या काळात थायरॉइड थोडे कमी पडल्यासारखे आकडे येऊ शकतात. ते पाहून घाईघाईने थायरॉक्सिनची गोळी सुरू करणे म्हणजे आगीतून फुफाट्यात. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासावे. तोवर थायरोग्लोब्युलिनही वर यायला लागलेले असते. गोळी थांबल्यावर ते वर येते, हाच निदान बरोबर असल्याचा सर्वांत भक्कम पुरावा.

या सगळ्यात वजनाचे काय झाले? इथे गणित पाहण्याजोगे आहे. निरोगी थायरॉइड दिवसाला साधारण ८० ते १०० मायक्रोग्रॅम टी-फोर बनवते. कुणी चरबी घटवायला म्हणून रोज ५० मायक्रोग्रॅमची गोळी घेऊ लागले तर पिट्युटरी हिशेब लावते आणि ग्रंथीचे काम तेवढे कमी करते. बेरीज जवळपास तीच राहते. वजन हलत नाही. मग माणूस मात्रा वाढवतो. ग्रंथी पूर्ण बंद पडून वर जादा हॉर्मोन उरेल एवढी मात्रा झाली की मगच काटा खाली सरकतो. म्हणजे या गोळीने बारीक होण्यासाठी आजारी पडावेच लागते, त्याला पर्याय नाही. आणि उतरते ते काय? चरबीबरोबर स्नायू. मांड्यांमधली ताकद जाते, उकिडवे बसल्यावर उठताना हाताचा आधार घ्यावा लागतो. हाडांतले कॅल्शियम जाते. हृदयाची लय बिघडते. विशेषतः साठीपुढच्या माणसात ती एकदम अनियमित होऊन मेंदूत गुठळी जाण्याचा धोका निर्माण होतो. गोळी थांबली की भूक पूर्वीची, वजन पूर्वीचे, स्नायू मात्र कमी. अमेरिकेत थायरॉक्सिनच्या वेष्टनावर लठ्ठपणासाठी हे औषध वापरू नये, असा ठळक चौकटीत इशारा छापावा लागतो. तो याचसाठी.

व्यायामशाळांमधला प्रकार थोडा वेगळा आहे आणि रिपोर्टही वेगळा दिसतो. ज्या शहराने खासबागेसारखे मैदान बांधले आणि तालमींची परंपरा मिरवली, तिथे शरीर कमावण्याला कोण नावे ठेवेल? पण स्पर्धेआधी ‘कटिंग’ करायचे म्हणून टी-थ्री गोळ्या घेण्याची जी चाल जगभरच्या शरीरसौष्ठवात आहे, तिचा तालमीतल्या दूध-बदाम-थंडाईशी काही संबंध नाही. टी-थ्री हे टी-फोरपेक्षा कितीतरी जलद आणि तिखट. ते रक्तात साधारण दिवसभरातच निम्मे होते, म्हणून घेणारा दिवसातून दोन-तीनदा घेतो. अशा तरुणाचा रिपोर्ट डॉक्टरांना चकवतो : टीएसएच तळाला, टी-थ्री चढलेले, पण टी-फोर मात्र कमी! कारण त्याची स्वतःची ग्रंथी बंद आहे आणि गोळीत टी-फोर नाही. ग्रेव्हजमध्ये टी-फोर असे खाली जात नाही. रक्त गोळीनंतर बऱ्याच तासांनी काढले असेल तर टी-थ्रीही साधारण दिसू शकते आणि मग हा पिट्युटरीचाच आजार वाटून भलतीकडे तपास सुरू होतो. या तरुणांबद्दल आणखी एक लक्षात ठेवावे. हॉर्मोन जास्त झालेल्या काही पुरुषांत, विशेषतः आशियाई वंशाच्या, रक्तातले पोटॅशियम अचानक घसरते आणि भरपेट गोडाधोडाच्या जेवणानंतर रात्री झोपलेला मुलगा पहाटे उठतो तेव्हा पाय हलत नाहीत. घरचे अर्धांगवायू समजून पळापळ करतात. तातडीने रुग्णालयात नेणे बरोबरच, पण तिथे गोळ्यांची माहिती लपवू नये. पोटॅशियम किती द्यायचे हे त्यावर ठरते.

थायरोग्लोब्युलिनची चाचणी खोटे कधी बोलते, हेही सांगायला हवे, नाही तर तिचा नवा दुरुपयोग सुरू होईल. पहिला सापळा अँटिबॉडीचा. हाशिमोटोसारख्या आजारात अनेकांच्या रक्तात थायरोग्लोब्युलिनविरोधी अँटिबॉडी असतात. आजच्या बहुतेक यंत्रांत थायरोग्लोब्युलिन दोन बाजूंनी पकडून मोजतात. अँटिबॉडी आधीच त्याला बिलगलेली असेल तर यंत्राला ते दिसत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. त्यावर विसंबून खरोखर ग्रंथीचा आजार असलेल्या बाईला ‘तूच गोळ्या खातेस’ म्हटले तर तो अन्याय ठरेल. म्हणून ही अँटिबॉडी तपासल्याशिवाय थायरोग्लोब्युलिनचा कमी आकडा वाचूच नये. उलटाही सापळा आहे. जुनी मोठी गलगंडाची गाठ असलेल्या रुग्णाने बाहेरून हॉर्मोन घेतले तर गाठीतून सांडणाऱ्या प्रथिनामुळे आकडा तळाला जाईलच असे नाही. आणि ज्यांची ग्रंथी शस्त्रक्रियेने काढलेली आहे त्यांच्यात तर तो मुळातच नसतो. त्यांच्याबाबत ही चाचणी या कामाची नाही.

दुसरा सापळा अलीकडचा आणि मजेशीर म्हणावा असा : बायोटिन. केस गळू नयेत म्हणून हल्ली सर्रास पाच-दहा मिलिग्रॅमच्या बायोटिनच्या गोळ्या घेतल्या जातात. शरीराला दिवसाला लागते त्याच्या शेकडो पट हे प्रमाण आहे. ते थायरॉइडला काही करत नाही. ते प्रयोगशाळेच्या यंत्राला फसवते. अनेक यंत्रे मोजणीसाठी बायोटिनचीच एक जोडणी वापरतात. रक्तात बायोटिन भरपूर असले की त्या यंत्रांवर टीएसएच आणि थायरोग्लोब्युलिन खोटे कमी येतात, टी-थ्री-टी-फोर खोटे जास्त येतात. म्हणजे चोरून थायरॉक्सिन घेणाऱ्याचा जो रिपोर्ट, हुबेहूब तोच रिपोर्ट निव्वळ केसांच्या गोळीने तयार होतो! कहर म्हणजे ग्रेव्हजची अँटिबॉडीसुद्धा काही यंत्रांवर खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. फरक माणसात असतो. त्याला काही त्रास नसतो, नाडी बहात्तर असते, हात स्थिर असतात. रिपोर्ट आणि रुग्ण यांचे जुळत नसेल तर बायोटिन दोन-तीन दिवस बंद करून रक्त पुन्हा काढावे. वजन आणि केस दोन्हींसाठी डबे विकत घेणारे गिऱ्हाईक बहुधा एकच असते, म्हणून हा सापळा आपल्या विषयाच्या अगदी दारात उभा आहे.

थायरोग्लोब्युलिन कमी आले की रुग्ण खोटारडा ठरतो, असा समज काही डॉक्टरांमध्येही आहे. तो खोडून काढायला अमेरिकेतली एक घटना पुरेशी आहे. १९८४-८५मध्ये मिनेसोटा राज्याचा नैऋत्य भाग आणि शेजारच्या साउथ डकोटा, आयोवा इथे अचानक हॉर्मोन वाढल्याचे रुग्ण सापडू लागले. एकूण १२१. ग्रंथीचे शोषण कमी होते, म्हणून आधी वाटले न दुखणाऱ्या थायरॉइडायटिसची साथ आहे. पण सूज वाहणारी साथ एखाद्या विषाणूने येईल, आणि इथे तसे काही हाती लागेना. शेवटी धागा स्वयंपाकघरात निघाला. खिमा एका कत्तलखान्याकडून येत होता आणि तिथे जनावराच्या गळ्याजवळचे मांस छाटताना थायरॉइड ग्रंथीही त्यात जात होती. लोक जेवणातून रोज हॉर्मोन खात होते आणि कुणालाही त्याचा पत्ता नव्हता. पुढे गळ्याजवळचे मांस असे छाटून वापरण्यावर तिथल्या कृषी खात्याने बंदी आणली. त्या १२१ जणांपैकी एकही खोटे बोलत नव्हता. कमी थायरोग्लोब्युलिन सांगते एवढेच की हॉर्मोन बाहेरून आले. हाताने आले, ताटातून आले की डब्यातून, हे विचारूनच कळते, आणि आरोपाच्या सुरात विचारले तर कळत नाही.

इथेच अन्न व औषध प्रशासनाचा संबंध येतो. चिठ्ठीवाचून थायरॉक्सिनची बाटली देणारा दुकानदार पकडणे सोपे, निदान त्या बाटलीवर नाव तरी असते. बिननावाच्या कॅप्सूलचे तसे नाही. ती अन्नपूरक म्हणून विकली तर एका कायद्यात, आयुर्वेदिक म्हणून विकली तर दुसऱ्यात, आणि व्हॉट्सअॅपवरून ओळखीने आली तर कशातच बसत नाही. वजन उतरवणाऱ्या उत्पादनांचे नमुने घेताना तपासणीच्या यादीत थायरॉइडचे हॉर्मोन असायला हवे. शिसे, पारा आणि स्टिरॉइड एवढेच शोधणाऱ्या तपासणीत ते दिसणार नाही, कारण जे शोधले जात नाही ते सापडत नाही. डॉक्टरांच्या संघटनांनीही एक साधी सवय लावून घ्यावी. ग्रंथी मोठी नाही, डोळे ठीक, अँटिबॉडी निगेटिव्ह आणि तरीही टीएसएच तळाला, अशा प्रत्येक रुग्णाचे थायरोग्लोब्युलिन त्याच्या अँटिबॉडीसह तपासल्याशिवाय कार्बिमाझोलची चिठ्ठी लिहू नये. चाचणीचा खर्च कार्बिमाझोलच्या काही महिन्यांच्या खर्चापेक्षा आणि त्यासाठी लागणाऱ्या रक्ततपासण्यांपेक्षा जड नाही.

आणि ज्यांच्या घरात असा डबा आहे त्यांनी तो घाबरून संडासात रिकामा करू नये. उरलेल्या कॅप्सूल, वेष्टन, पावती आणि मागवल्याचा मेसेज एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्यावा. रक्तातले हॉर्मोन महिन्याभरात ओसरते. त्यानंतर ते कुठून आले होते हे सांगू शकेल अशी वस्तू तो डबाच उरतो.